ठिपके मोजून काढलेला पाय

पाय म्हटलं की बहुतेकांना शाळेतले २२/७ आठवतात. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास म्हणजे पाय, एवढी व्याख्याही आठवते. ती किंमत काढायची तर परीघ मोजायला हवा असंच कुणालाही वाटेल. पण दोरी, कंपास, मोजपट्टी यांतलं काहीही न वापरता, नुसते ठिपके टाकून आणि मोजूनही पाय काढता येतो.

एक चौरस घ्या, बाजू एक एकक. त्याच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कंपासचं टोक ठेवून एक एकक त्रिज्येचं पाव वर्तुळ काढा. ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत वळत जाईल आणि उजवीकडे वरचा एक तुकडा तेवढा बाहेर राहील. पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय भागिले चार, म्हणजे सुमारे ०.७८५४. चौरसाचं एक. आता चौरसात आंधळेपणाने ठिपके टाकत गेलो, तर शंभरातले सरासरी साडेअठ्ठ्याहत्तर ठिपके वर्तुळात पडतील. हेच उलटं वाचायचं: आत पडलेले ठिपके भागिले एकूण ठिपके, त्याला चारने गुणा, पाय मिळाला.

यात सगळा भार ‘आंधळेपणाने’ या शब्दावर आहे. फरशीवर चौरस आखून मूठभर ज्वारी भिरकावली तर दाणे मधोमध गर्दी करतात, कडांकडे विरळ होतात. प्रत्येक जागेला सारखी संधी मिळाली नाही, की उत्तर ज्वारीचं नसतं, तुमच्या मनगटाचं असतं. म्हणून ठिपक्यांच्या जागा अशा आकड्यांनी ठरवाव्या लागतात की ज्यांत काही क्रम दिसत नाही.

असे आकडे कुठून आणायचे? मी थोडा खोडसाळपणा केला आणि पायचेच दशांश अंक घेतले. ते पाठ्यपुस्तकातून, तक्त्यांवरून सहज मिळतात. त्यांत कुठलीही लय असल्याचं अजून कुणाला आढळलेलं नाही, मात्र ती नाहीच हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. सुरुवात अशी: १४१५ ९२६५ ३५८९ ७९३२. चारचार अंकांचा गट केला की पहिले दोन आडवं अंतर, पुढचे दोन उभं अंतर. पहिला ठिपका (१४, १५), म्हणजे ०.१४ आणि ०.१५. दुसरा (९२, ६५). आत की बाहेर हे पायथागोरस सांगतो: दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज १०,००० पेक्षा कमी असेल तर आत. ९२ चा वर्ग ८,४६४ आणि ६५ चा ४,२२५, बेरीज १२,६८९. बाहेर.

पहिल्या शंभर अंकांतून पंचवीस ठिपके मिळतात. त्यांतले बाहेर पडले फक्त दोन. म्हणजे २३ भागिले २५ गुणिले ४ = ३.६८! एवढा वाईट पाय मी तरी कधी पाहिला नव्हता. पन्नास ठिपक्यांवर ४३ आत, उत्तर ३.४४. पंचाहत्तरांवर ६३ आत, ३.३६. शंभरांवर ८४ आत, पुन्हा ३.३६. पायच्या चारशे अंकांची ही मेहनत २२/७ च्या जवळपासही फिरकली नाही.

मग पद्धत चुकली का? हे ठरवायचं तर किती चूक अपेक्षित होती ते आधी माहीत हवं. एकेक ठिपका म्हणजे एक छाप-काटा, फक्त नाणं थोडं कललेलं: आत पडण्याची शक्यता ०.७८५४, बाहेरची ०.२१४६. शंभर ठिपक्यांत सरासरी ७८.५ आत पडणार, पण दर वेळी नेमके तेवढे नाही. ही घटबढ किती असते त्याचं सूत्र संख्याशास्त्रात आहे: दोन्ही शक्यतांचा गुणाकार, गुणिले ठिपक्यांची संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. शंभर ठिपक्यांसाठी ते येतं ४.१. म्हणजे दर तीन प्रयोगांतले साधारण दोन ७४ ते ८३ यांच्या दरम्यान पडतील आणि एखादा बाहेर. आमचे ८४ म्हणजे जरा दुर्दैव. घोटाळा म्हणण्याइतकं ते काही नाही.

वर्गमूळ का, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा पहिल्या शंभर ठिपक्यांत आतले पाच जास्त पडले. पुढच्या शंभरांना त्याची खबर नसते. ते ही चूक भरून काढायला येत नाहीत आणि वाढवायलाही येत नाहीत. कधी त्यांची घटबढ पहिल्या दिशेने जाते, कधी उलट. त्यामुळे एकूण घटबढ वाढते खरी, पण ठिपक्यांच्या वेगाने नाही. शंभर ठिपक्यांत ती ४, दहा हजारांत ४१, दहा लाखांत ४१०. ठिपके शंभरपट झाले की घटबढ दहापट होते. आणि पाय काढताना आपण तिला ठिपक्यांच्या संख्येने भागतो, म्हणून उत्तरातली चूक दहापट कमी होते. पायच्या बाबतीत हा हिशोब एका ओळीत मावतो:

```
चूक ≈ 1.64 / √N
```

N म्हणजे ठिपके. शंभर ठिपक्यांत चूक ०.१६, दहा हजारांत ०.०१६, दहा लाखांत ०.००१६. चूक निम्मी करायची तर काम चौपट, आणि दशांशचिन्हापुढचा आणखी एक अंक पक्का करायचा तर शंभरपट.

पडताळून पाहायला स्प्रेडशीट पुरते. एका रकान्यात दहा हजार ओळींपर्यंत हे सूत्र ओढायचं आणि रकान्याच्या सरासरीला चारने गुणायचं:

```
=IF(RAND()^2+RAND()^2<1,1,0)
```

मग F9 दाबत राहायचं. दर वेळी नवे दहा हजार ठिपके, नवा पाय. तीनांतली दोन उत्तरं ३.१२५ आणि ३.१५८ यांच्यामध्ये पडताना दिसतील. एखादं उत्तर ३.१४१६ च्या अगदी शेजारी येऊन बसेल, पण त्याचा आनंद F9 पुन्हा दाबेपर्यंतच.

या दराने जुन्या किमतींशी बरोबरी करायला काय मोजावं लागतं? २२/७ मधली चूक सुमारे ०.००१२६. तेवढ्या अचूकतेसाठी १७ लाख ठिपके लागतात. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने दिलेली किंमत ६२,८३२ भागिले २०,०००, म्हणजे ३.१४१६. तिच्या तोडीला यायला सुमारे ५,००० कोटी ठिपके हवेत.

इथपर्यंत ज्या चुकीबद्दल बोललो ती निदान घटणारी आहे. माझ्या प्रयोगात दुसरीही एक लपलेली होती. ठिपक्यांच्या यादीत (७५, ६६) असा एक आहे. ५,६२५ अधिक ४,३५६ म्हणजे ९,९८१, जेमतेम आत. पण ०.७५ म्हणजे काय? दोनच अंक घेतल्यामुळे ०.७५० पासून ०.७५९ पर्यंतचं सगळं मी ०.७५ धरलं. म्हणजे प्रत्येक ठिपका त्याच्या बारीक चौकटीच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात, केंद्राकडे ओढून ठेवला. तो चौकटीच्या मधोमध, ७५.५ आणि ६६.५ वर ठेवला तर बेरीज १०,१२२ च्या वर जाते आणि ठिपका बाहेर पडतो. शंभरांत एवढा एकच पालटला, ८४ चे ८३ झाले आणि उत्तर ३.३२ आलं.

एकाच ठिपक्याचं काय एवढं, असं वाटेल. पण दोनदोन अंकांनी बनणाऱ्या सगळ्या १०,००० जागा मोजल्या तर त्यांतल्या ७,९४९ आत पडतात, ७,८५४ नाही. त्यामुळे मधोमध सरकवण्याची दुरुस्ती न करता मी कोट्यवधी ठिपके टाकले असते, तरी उत्तर मोठ्या ठामपणे ३.१८ वर जाऊन थांबलं असतं. घटबढ वर्गमूळाच्या नियमाने आटत जाते, हा कल मात्र तसूभरही हलत नाही. शंभर ठिपक्यांत तो गोंगाटात बुडून जातो. दहा हजारांत घटबढ त्याच्याहून लहान होते आणि मग तो दिसू लागतो. म्हणून अनुभवी माणूस ठिपके वाढवत जाताना पाहतो: फरक दर शंभरपटीला दहापट घटतो आहे का? घटायचा थांबला, तर ठिपके टाकणं थांबवून आकडे कुठून येतात ते तपासायचं.

चूक फार कमी असणंही संशयास्पदच. १९०१ साली लाझारिनी नावाच्या इटालियन गणितज्ञाने सुई फेकून काढलेला पाय प्रसिद्ध केला. ही ठिपक्यांच्या पद्धतीची थोरली बहीण, अठराव्या शतकात फ्रान्सच्या ब्युफॉनने मांडलेली: समांतर रेघांवर सुई टाकायची आणि ती किती वेळा रेघ ओलांडते ते मोजायचं. लाझारिनीने ३,४०८ फेका नोंदवल्या, रेघ ओलांडली १,८०८ वेळा, आणि पाय निघाला ३५५/११३. सहा दशांशांपर्यंत बरोबर! आता वरचा हिशोब लावून पाहू. एवढ्या फेकांत ओलांडण्याच्या संख्येत २९ ची घटबढ सहज होते. १,८०८ ऐवजी १,८०९ झाल्या असत्या तरी उत्तर ३.१४१६ वरून ३.१३९९ वर घसरलं असतं. शिवाय त्याची सुई २.५ सेंटिमीटरची आणि रेघांमधलं अंतर ३ सेंटिमीटर. या मापांत फेका २१३ च्या पटीत आणि ओलांडणी ११३ च्या त्याच पटीत असली की ३५५/११३ हाच अपूर्णांक निघतो. ३,४०८ म्हणजे २१३ ची सोळापट, १,८०८ म्हणजे ११३ ची सोळापट. हवी ती जोडी येताच फेकणं थांबवलं असेल, किंवा फेकलंच नसेल. आकडे यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि मला वाटतं एवढं पुरे आहे.

पाय काढायला ही पद्धत निकामीच म्हणायची. ठिपके भिरकावण्याऐवजी चौरसात ओळीने, जाळीसारखे मांडले तरी उत्तर कितीतरी लवकर सुधारतं. मग ती टिकली कशी? १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले स्टॅनिस्लाव उलाम एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे कागदावर काढणं त्यांना जमेना. त्यापेक्षा शंभर डाव मांडून सुटलेले मोजले तर? हीच युक्ती पुढे लॉस अलामॉसला जॉन फॉन नॉयमन यांच्या हातात गेली. तिथे प्रश्न होता पदार्थातून वाट काढणाऱ्या न्यूट्रॉनांचा: प्रत्येक धडकेआधीचं अंतर अनिश्चित, धडकेनंतरची दिशा अनिश्चित. चौरसातल्या ठिपक्याला दोन आकडे लागतात, अशा प्रवासाला वीस-तीसही लागतील. जाळी मांडायची तर दर आकड्याला दहाच जागा धरल्या तरी दोन आकड्यांना शंभर, दहा आकड्यांना एक हजार कोटी आणि विसांना त्याच्याही हजार कोटी पट ठिपके होतात. उधळलेल्या ठिपक्यांच्या सूत्रात मात्र किती आकड्यांनी एक ठिपका बनतो याला जागाच नाही. तिथे दोन असोत की तीस, दहा हजार ठिपक्यांनी घटबढ शंभरपटच आटते.