ठेव मोडावी की तारण ठेवावी?

मुदत ठेव मुदतीआधी मोडली की बँक एक टक्का दंड लावते, इतकंच बहुतेकांना माहीत असतं. खरा फटका मात्र त्याआधीच बसलेला असतो. ठेव जितके दिवस प्रत्यक्ष राहिली, तितक्या मुदतीसाठी ठेव ठेवताना जो दर होता, तोच बँक लावते आणि मग त्यातून दंड वजा करते. तोही ठेवीच्या पहिल्या दिवसापासून.

एक उदाहरण पाहू. पाच लाखांची ठेव तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवली आहे. दोन वर्षं झाली आणि चार महिन्यांसाठी दोन लाखांची गरज पडली. ठेवीच्या दिवशी दोन वर्षांचा दर ६.७५ टक्के होता असं धरू. ठेव मोडली, तर एक टक्का दंड जाऊन हातात ५.७५ टक्के पडतात. तिमाही चक्रवाढीने दोन वर्षांचा हिशेब केला, तर जमा झालेल्या व्याजातून जवळपास १४ हजार रुपये कमी होतात.

आता हीच ठेव तारण ठेवा. बँका साधारणपणे ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि त्याचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो. ८ टक्क्यांनी दोन लाखांचं चार महिन्यांचं व्याज सुमारे ५,३३० रुपये होतं. पण तेवढ्याच काळात ठेवीतले तेच दोन लाख ७ टक्क्यांनी सुमारे ४,६७० रुपये मिळवत राहतात. म्हणजे पदरचे गेले साधारण ६६० रुपये.

या हिशेबात आयकरही धरायला हवा. ठेवीच्या व्याजावर कर लागतो, पण घरखर्चासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज त्यातून वजा होत नाही. वीस टक्के कर भरणाऱ्याच्या हातात सातातले ५.६ टक्केच उरतात. त्यामुळे खरा फरक २.४ टक्क्यांचा होतो आणि खर्च १,६०० रुपयांवर जातो. तरीही १४ हजारांपेक्षा तो कितीतरी कमीच.

हे गणित कधी उलटतं? ठेव दोन-तीन महिन्यांचीच असेल, तर मोडून फारसं व्याज बुडत नाही. त्यात जवळजवळ सगळीच रक्कम वर्षभरासाठी हवी असेल, तर मोडणंच स्वस्त पडू शकतं. कर बचतीची पाच वर्षांची ठेव मात्र तारणही ठेवता येत नाही आणि मुदतीआधी मोडताही येत नाही.

शक्य असेल तर एकरकमी कर्जाऐवजी ओव्हरड्राफ्ट मागा. त्यात जितकी रक्कम जितके दिवस वापराल, तितक्याचंच व्याज लागतं. मात्र दरमहा लागणारं व्याज भरत राहा, कारण थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढतं आणि मुदत संपल्यावर बँक सगळी बाकी ठेवीतूनच वळती करून घेते. कर्ज फिटलं की ठेवीवरचा बँकेचा बोजा उतरला ना, याची शाखेत खात्री करून घ्या. तो राहून गेला, तर पुढे स्वतःचीच ठेव काढताना अडचण येते.