इटलीच्या कंपनीला मेल करताय? आधी ख्यालीखुशाली, मग कोटेशन!

अंबाजोगाईच्या आडतीवर कुणी थेट सोयाबीनचा भाव विचारत नाही. आधी 'पाऊसपाणी कसंय?' होतं, मग आकडा. पण तोच माणूस इंग्रजी मेल लिहायला बसला की 'डिअर सर, काइंडली सेंड कोटेशन' एवढ्यावर विषय संपवतो. समोर इटलीची कंपनी असेल, तर हाच कोरडेपणा नडू शकतो.

समजा, इथल्या एका डाळ मिलला पाऊच भरायचं मशीन हवंय. इटलीतल्या बोलोन्या शहराचा परिसर पॅकिंग मशीनसाठी जगभर ओळखला जातो. तिथल्या बऱ्याच कंपन्या घरच्या मालकीच्या, लहान किंवा मध्यम आकाराच्या. पुढे इन्स्टॉलेशन, सुट्टे भाग आणि दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं संबंध येणार असतो. त्यामुळे समोरचा माणूस कोण आहे, हे त्यांना आधी जाणून घ्यायचं असतं. एका ओळीचा मेल त्यांना दहा ठिकाणी पाठवलेल्या चौकशीसारखा वाटतो आणि मागे पडतो.

मग लिहायचं काय? आधी 'बॉनजोर्नो' आणि आडनाव. इंजिनिअर असेल तर आडनावाआधी 'इंजेन्येरे' लावलेलं त्यांना आवडतं. नंतर दोन-तीन ओळी: तुमचं नाव कुठून कळलं, आमची मिल कुणी सुरू केली, आमचं गाव कोणतं. योगेश्वरीचं गाव, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेलं गाव, असं खुशाल लिहा. इटालियन माणसाला स्वतःच्या गावाचा भारी अभिमान असतो, त्यामुळे ही ओळ त्याच्या लक्षात राहते. त्यानंतर नवीन परिच्छेदात मुद्दा: कोणती डाळ, पाऊच किती ग्रॅमचं, मिनिटाला किती पाऊच हवेत.

दोन ठिकाणी हमखास गडबड होते. आंद्रेआ, सिमोने, निकोला ही नावं आपल्याला बाईची वाटतात, पण इटलीत ती सहसा पुरुषांची असतात. म्हणून 'डिअर मॅडम' लिहिण्याआधी खात्री करा. दुसरं म्हणजे ऑगस्ट. 15 ऑगस्टला तिथे 'फेरागोस्तो'चा सण असतो आणि त्याच्या आगेमागे अनेक कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहतात. तेव्हा रिमाइंडरचा मारा करण्यापेक्षा जुलैतच काम उरका. सप्टेंबरच्या पहिल्या मेलमध्ये 'सुट्टी कशी झाली?' विचारलं, की बोलणं आपोआप पुढे सरकतं.

पण ओळख नसताना बायको-मुलांची चौकशी नको, तो आगाऊपणा ठरतो. मशीन बंद पडलं असेल तर ते विषयाच्या ओळीतच लिहा. नमस्काराची एक ओळ मात्र तेव्हाही ठेवा.

ओळख जमली हे कसं कळणार? समोरचा आडनाव सोडून नुसत्या नावानं सही करू लागतो, मेलच्या शेवटी 'चाव' येतं. मग तुम्हीही नावानं हाक मारा.