‘पडताळता आले नाही’ म्हणजे ‘खोटे निघाले’ नव्हे

उमेदवाराच्या पार्श्वभूमी पडताळणीचा अहवाल एचआरच्या टेबलावर येतो, तेव्हा पहिल्याच पानावर एक रंग असतो: हिरवा, अंबर किंवा लाल. हा रंग म्हणजेच निकाल, असा समज फार रुळलेला आहे आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. तो रंग बहुतेक वेळा आतल्या सर्वांत वाईट नोंदीवरून ठरतो. नोकरीच्या एका पडताळणीत कंपनीचे नाव, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, पगार, सोडण्याचे कारण अशा पाच-सहा वेगळ्या गोष्टी विचारलेल्या असतात. त्यांतली एक जुळली नाही की अख्खी नोकरी लाल होते आणि जुळलेल्या पाच गोष्टी त्या रंगाखाली झाकल्या जातात. म्हणून अहवालातून पडताळलेल्या, न पडताळलेल्या आणि विसंगत बाबींच्या याद्या काढताना ‘नोकरी’ किंवा ‘शिक्षण’ हे एकक धरून चालत नाही. एकक धरायचे ते उमेदवाराने केलेले एकेक विधान. त्या विधानासमोर तीन गोष्टी हव्यात: उमेदवार काय म्हणाला, स्रोत काय म्हणाला आणि तो स्रोत कोण.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका उमेदवाराने अकाउंट्समधल्या जागेसाठी अर्ज केला आहे. बायोडेटात लिहिले आहे: बी.कॉम., सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, 2013. अहवालातला शेरा आहे ‘संस्थेचे नाव जुळत नाही’, कारण पदवी प्रमाणपत्रावर नुसते ‘पुणे विद्यापीठ’ आहे. विद्यापीठाचा नामविस्तार 2014 मध्ये झाला, त्यामुळे 2013 च्या प्रमाणपत्रावर जुनेच नाव असणार. परीक्षा विभागाने आसन क्रमांक, वर्ष आणि श्रेणी लेखी कळवली असेल, तर ही बाब पडताळलेल्यांच्या यादीत जाते आणि नावाचा खुलासा तिच्याशेजारी एका ओळीत येतो. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मराठी स्त्रियांच्या अहवालांतही असे शेरे सर्रास दिसतात. तिथे विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली की प्रश्न मिटतो. ती जोडलेली नसेल, तर आधी ती मागवायची. त्याआधीच विसंगती लिहून मोकळे व्हायचे नाही.

खरी कसोटी लागते ती या उमेदवाराच्या पहिल्या नोकरीत. कंपनी बंद पडली आहे. पडताळणी करणारा माणूस पत्त्यावर जाऊन आला, तिथे आता दुसरेच दुकान आहे. एजन्सीने लिहिले: ‘पडताळणी शक्य नाही’. ही ओळ वाचून बहुतेकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते आणि पुढच्या बैठकीत तीच नोंद ‘पहिली नोकरी खोटी वाटते’ अशी सांगितली जाते. खरे तर या ओळीत उमेदवाराविरुद्ध एक अक्षरही नाही. तिचा अर्थ एवढाच, की उत्तर देणारा कोणी भेटला नाही. आता उमेदवाराने स्वतः लॉगिन करून दाखवलेल्या पीएफच्या सेवा-नोंदीत त्या आस्थापनेचे नाव आणि जून 2014 ते मार्च 2016 हा काळ दिसतो, असे धरू. मग या नोकरीचे दोन तुकडे करावे लागतात. नोकरी होती आणि तिचा काळ, हे पीएफच्या आधारे पडताळलेले. ‘असिस्टंट अकाउंटंट’ हा हुद्दा मात्र न पडताळलेला, कारण पीएफची ती नोंद हुद्द्याबद्दल काही सांगत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. पीएफमध्ये नोंद नाही म्हणजे नोकरी नव्हती, असेही नाही. वीसपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला पीएफचा कायदा सहसा लागू होत नाही, आणि रुजू होतानाच 15,000 रुपयांहून जास्त पीएफ-वेतन असलेल्या नव्या माणसाला बाहेर ठेवण्याची मुभा आहे. नोंदीचा अभाव हा विरोधी पुरावा ठरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो: बनावट अनुभव दाखवणारे लोक मुद्दाम बंद कंपन्यांचीच नावे टाकतात, मग ही उदारता त्यांच्याच पथ्यावर पडणार नाही का? धोका खरा आहे, पण त्यावरचा उपाय न पडताळलेले विसंगतीत ढकलणे हा नाही. तसे केले की प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस एकाच ओळीत उभे राहतात आणि विसंगतीच्या यादीवरचा विश्वासच उडतो. न पडताळलेली यादी ही खरे तर पुढच्या कामाची यादी आहे. तिच्यातल्या प्रत्येक बाबीसमोर कोणते प्रयत्न, कोणत्या तारखांना झाले आणि आता कोणता कागद मागता येईल, हे लिहिलेले असावे. पगार जमा झालेले बँकेचे उतारे, फॉर्म 16, आयकर पोर्टलवरून समोर बसून उतरवलेला फॉर्म 26एएस. पगारातून टीडीएस कापला गेला असेल, तर त्या शेवटच्या कागदावर कापणाऱ्याचे नाव आणि टॅन असतो. तो उमेदवाराने छापून आणलेल्या अनुभवपत्रापेक्षा कितीतरी भक्कम. स्रोताचा दर्जाही इथेच कळतो. उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर ‘माजी साहेबांनी’ होकार दिला, तर तो कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून एचआरने दिलेल्या उत्तराच्या तोडीचा नसतो. असा तोंडी होकार मी न पडताळलेल्यातच ठेवीन, शेऱ्यासह.

दुसऱ्या नोकरीत मात्र विसंगती आहे. बायोडेटात ऑगस्ट 2019 पर्यंत, कंपनीच्या उत्तरात शेवटचा दिवस 14 जून 2019. रुजू झाल्याची तारीख आणि हुद्दा जुळतात, ते पडताळलेल्यात जातात. फाइलमधले रिलिव्हिंग लेटर नीट पाहिले, तर वर 31 ऑगस्ट ही तारीख आहे आणि आतल्या मजकुरात ‘14 जून रोजी कामकाज संपल्यावर कार्यमुक्त’ असे आहे. उमेदवाराने पत्राची तारीख उचलली असावी. तरीही ही बाब विसंगतीच्या यादीतच राहते: दोन्ही तारखा समोरासमोर आणि पत्रातला तपशील शेजारी. यादी करणाऱ्याने ‘किरकोळ आहे’ म्हणून ती गाळली, तर त्याने एचआरचा निर्णय परस्पर घेतल्यासारखे होते. ‘दिशाभूल’ असा शब्द वापरला, तरीही तेच. अडीच महिन्यांचा फरक कोणत्या पदासाठी चालतो, हे धोरण ठरवते.

सर्वांत सहज निसटणारी नोंद कोर्टाच्या तपासणीची. ‘नोंद आढळली नाही’ हे वाचून ती थेट पडताळलेल्यात टाकली जाते. पण शोध कुठे घेतला? या अहवालात फक्त पुण्यात, आणि उमेदवार आधी दोन वर्षे नाशिकला राहत होता. म्हणजे पुणे पडताळलेले, नाशिक न पडताळलेले. उलट नावावरून एखादा खटला सापडला, तर वडिलांचे नाव, पत्ता किंवा जन्मतारीख जुळल्याशिवाय तो या माणसाचा मानता येत नाही.

रोज पन्नास अहवाल येतात, इतके बारीक तुकडे कोण करणार, असे विचारले जाईल. पण रंग पाहून केलेले काम दोनदा करावे लागते, कारण लाल का, हे शोधायला कोणीतरी पुन्हा चाळीस पाने उलटतोच. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे, की ज्या माहितीवरून माणसाबाबत निर्णय होणार, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खातरजमा ती वापरणाऱ्याने करावी. सध्याच्या नोकरीची पडताळणी या उमेदवाराच्याच विनंतीवरून थांबवली आहे; ‘राजीनाम्यानंतर करायची’ असे तिथे लिहिणे हाही त्या पूर्णतेचाच भाग. या उमेदवाराबाबत एचआरच्या हाती शेवटी येते ते एवढे: विचारायचा एक प्रश्न, 14 जून की ऑगस्ट, मागवायचा एक कागद, पहिल्या हुद्द्याचा, आणि एजन्सीला सांगायची दोन कामे, नाशिकचा शोध आणि राजीनाम्यानंतरचा ई-मेल.