नोकरी सोडताना हाती येणारी रक्कम आणि त्यावरचा कर

नोकरी सुटते त्या दिवशी खात्यात जमा होणारी रक्कम एकच दिसते, पण प्राप्तिकराच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या रकमांची मोळी असते. थकीत पगार, बोनस, स्वेच्छानिवृत्तीची भरपाई, कामगारकपातीची भरपाई या प्रत्येकीचा नियम निराळा आहे. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि शिल्लक रजेचे पैसे यांच्या सवलती तर पूर्णपणे स्वतंत्र आहेत. म्हणून कंपनीने दिलेला हिशेबाचा कागद ओळीओळीने वाचणे ही पहिली पायरी.

बोनसचा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत कडक आहे. बोनस हा पगारच मानला जातो आणि त्याला कसलीही सूट नाही. दिवाळीला मिळालेला कायदेशीर बोनस असो, कंपनीने खुशीने दिलेले सानुग्रह अनुदान असो, किंवा कामगिरीबद्दलचे बक्षीस असो, सगळे करपात्र. नोकरी सोडणाऱ्याचा गोंधळ होतो तो वेळेवरून. बोनस कायद्यानुसार वर्षात किमान ३० दिवस काम केलेला पात्र कर्मचारी त्या वर्षाच्या बोनसचा हक्कदार असतो, आणि मालकाला तो देण्यासाठी हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत असते. त्यामुळे मार्चमध्ये नोकरी सोडलेल्याच्या खात्यात ऑक्टोबरमध्ये जुन्या कंपनीचा बोनस येऊ शकतो. तो नव्या वर्षाच्या उत्पन्नात धरावा लागतो. नव्या कंपनीला त्याची कल्पना नसेल तर तिथला टीडीएस कमी पडतो, आणि विवरणपत्र भरताना उरलेला कर व्याजासह भरायची पाळी येते.

स्वेच्छानिवृत्तीची, म्हणजे व्हीआरएसची भरपाईही मुळात करपात्रच आहे. मात्र १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० (१०सी) ने त्यातले ५ लाख रुपयांपर्यंत करमुक्त केले आहेत. जुन्या आणि नव्या, दोन्ही करप्रणालींत ही सूट मिळते. पण आयुष्यात एकदाच. पहिल्या वेळी दोन लाखांचीच सूट घेतली असली, तरी उरलेले तीन लाख पुढच्या नोकरीतल्या व्हीआरएससाठी राखून ठेवता येत नाहीत.

ही सूट कंपनीच्या योजनेवर अवलंबून असते, केवळ कर्मचाऱ्याच्या राजीनाम्यावर नाही. प्राप्तिकराच्या नियम २बीए प्रमाणे योजना संचालक वगळता सर्व कर्मचाऱ्यांना खुली हवी, तिने एकूण मनुष्यबळ घटले पाहिजे, रिकामी जागा पुन्हा भरता कामा नये, आणि निवृत्त झालेल्याला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी देता कामा नये. सरकारी मालकीच्या कंपन्या सोडल्यास कर्मचाऱ्याची सेवा १० वर्षांची किंवा वय ४० पूर्ण असावे लागते. भरपाईलाही मोजमाप आहे: पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे तीन महिन्यांचा पगार, किंवा निवृत्तीला उरलेले महिने गुणिले शेवटचा पगार. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता. घरभाडे भत्ता किंवा इतर भत्ते नव्हेत. एकट्या माणसाला बोलावून, समजूत काढून दिलेली रक्कम या चौकटीत बसत नाही, मग पत्रावर ‘व्हीआरएस’ असे ठळक लिहिलेले असले तरी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पिंपरीतल्या कारखान्यातला ५४ वर्षांचा पर्यवेक्षक २४ वर्षांच्या सेवेनंतर ३० सप्टेंबर २०२५ रोजी व्हीआरएस घेतो. निवृत्तीचे वय ५८, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ५०,००० रुपये, भरपाई १८ लाख. सेवेच्या मापाने मर्यादा ३६ लाख येते, उरलेल्या ४८ महिन्यांच्या मापाने २४ लाख. भरपाई दोन्हींच्या आत आहे. म्हणून ५ लाख करमुक्त आणि १३ लाख करपात्र. त्यात सहा महिन्यांचा एकूण पगार ४,२०,००० आणि बोनस ८०,००० मिळवले की बेरीज १८ लाख होते. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १७,२५,००० वर कर बसतो: १,४५,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १,५०,८०० रुपये. वर्षभर नोकरी चालू राहिली असती तर त्याच्या पगारावर बहुधा काहीच कर लागला नसता; एकरकमी भरपाईमुळे तो वरच्या टप्प्यांत ढकलला गेला.

या ढकलण्यावर कायद्यात उतारा आहे, तो कलम ८९ चा. सेवा सलग तीन वर्षांहून कमी नसेल आणि निवृत्तीलाही तीन वर्षे किंवा अधिक उरली असतील, तर भरपाईचे तीन समान भाग करून ते मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात मिळवायचे, त्या वर्षांच्या कराचा सरासरी दर काढायचा, आणि चालू वर्षाचा सरासरी दर त्याहून जास्त असेल तर फरकाइतका दिलासा घ्यायचा. पण व्हीआरएसच्या बाबतीत पाच लाखांची सूट आणि हा दिलासा यांपैकी एकच मिळतो. वरच्या पर्यवेक्षकाने सूट सोडली तर कर २,६६,५०० होतो, म्हणजे १,१५,७०० ने वाढतो. दिलासा त्याहून मोठा व्हायला मागच्या तीन वर्षांचा सरासरी दर साडेपाच टक्क्यांच्या खाली असावा लागेल. दरवर्षी सहा लाख मिळवल्यावर तो इतका खाली येणे कठीण. त्याच्यासाठी सूटच बरी. भरपाई पन्नास-साठ लाखांची असेल आणि आधीचे पगार माफक असतील, तर मात्र दोन्ही हिशेब मांडून पाहिल्याशिवाय सूट मागू नये.

कामगारकपातीचा नियम वेगळा, कारण ती कामगाराने मागितलेली नसते. कलम १० (१०बी) नुसार प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, औद्योगिक विवाद कायद्याच्या मापाने येणारी रक्कम आणि ५ लाख रुपये, या तिन्हींत जी सर्वांत कमी ती करमुक्त. ते माप म्हणजे दर वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. समजा, १२ वर्षे ७ महिने सेवा झालेल्या, महिना २४,००० सरासरी वेतनाच्या कामगाराला जुलै २०२५ मध्ये कपातीत ३ लाख मिळाले. अर्ध्या महिन्याचे १२,००० गुणिले १३, म्हणजे १,५६,००० करमुक्त आणि उरलेले १,४४,००० करपात्र. ग्रॅच्युइटीप्रमाणे इथे महिना २६ दिवसांचा धरायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. नोटिशीच्या बदल्यात दिलेला महिन्याचा पगार या भरपाईत मोडत नाही. तो साधा करपात्र पगार.

ही सूट कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारालाच आहे. कपातीत घरी पाठवलेल्या व्यवस्थापकाला ती मिळत नाही, आणि हीच गोष्ट अनेकांना उशिरा कळते. त्याची सगळी भरपाई करपात्र ठरते. अटी जुळल्या तर त्याच्या हाती कलम ८९ चा दिलासा तेवढा उरतो.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ या वर्षाच्या रकमांना मात्र जुनाच कायदा लागू आहे, आणि त्या वर्षासाठी कलम ८९ चा दिलासा हवा असेल तर विवरणपत्राच्या आधी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म १०ई भरावा लागतो. तो न भरता दिलासा मागितला, तर तो नामंजूर होऊन कराची मागणी येते.