पिंगियाने बावरीला काय सांगितले?
गोदाकाठच्या एका जुन्या धम्मदेसनेचा सारांश, आणि सारांश करण्याची रीत

पौष पौर्णिमा जवळ आली की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील उपासक-उपासिकांची पावले दाभडकडे वळतात. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहारात, बावरीनगरला, दरवर्षी धम्म परिषद भरते. उदगीर-अहमदपूरकडून गाड्या भरून माणसे येतात. भाकरी बांधून आणतात, भन्तेजींची देसना ऐकतात आणि परत जातात. घरी आजी वाट पाहत असते. गुडघ्यांमुळे तिला येता आलेले नसते. ती विचारते, "काय सांगितलं भन्तेजींनी?" उत्तर मिळते, "लई छान झालं!" फार तर एखादी गोष्ट सांगितली जाते, पण ती गोष्ट कशासाठी सांगितली होती, ते वाटेतच सांडलेले असते.

हल्ली पुष्कळजण देसना मोबाइलवर टिपून घेतात. काही तरुण ती ऐकून शब्दन् शब्द वहीत उतरवतात. काम चांगले आहे. परंतु चाळीस पानांची वही आजी वाचणार नाही. त्यातले मुख्य काय आणि दाखले कोणते, हे निवडून द्यावे लागते. ही निवड कशी करावी, हे आपल्याच भागाशी जोडलेल्या एका देसनेवरून आम्ही दाखवू इच्छितो. ज्या बावरीचे नाव बावरीनगरला दिले आहे, त्याच्या शिष्यांना भगवान बुद्धांनी दिलेली ही देसना आहे. सुत्तनिपाताच्या पाचव्या आणि शेवटच्या वग्गात, पारायनवग्गात, ती आली आहे. सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर धर्मानंद कोसंबी यांनी केलेले आहे.

आधी बाहेरची गोष्ट बाजूला काढा

बावरी हा मूळचा कोसल देशाचा ब्राह्मण. तो दक्षिणेत आला आणि अस्सक देशात गोदावरीच्या काठी राहू लागला. त्याने मोठा यज्ञ केला आणि होते नव्हते ते दान करून टाकले. तेवढ्यात दुसरा एक ब्राह्मण आला. त्याचे पाय सुजलेले, दात मळलेले, डोके धुळीने माखलेले. त्याने पाचशे नाणी मागितली. बावरी म्हणाला, आता माझ्यापाशी काही उरले नाही. तेव्हा त्याने शाप दिला की, आजपासून सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.

बावरी घाबरला. अन्न गोड लागेना, मन लागेना. तेव्हा एका देवतेने त्याला समजावले, अशी कथा आहे. ती म्हणाली, हा माणूस ढोंगी आहे, पैशाच्या मागे लागलेला आहे, डोके म्हणजे काय आणि ते फुटणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही; ते बुद्धाला विचार. बावरी म्हातारा, त्याला जाणे होईना. त्याने सोळा शिष्य पाठवले. ते पैठणवरून उज्जैन, विदिशा, कोसंबी, सावत्थी, वेसाली असे मजल दरमजल करीत मगधात पोहोचले.

ही गोष्ट रंगतदार आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. सारांश लिहिणारा अर्धी वही हिच्यातच घालवतो. पण ही गोष्ट बुद्धांनी सांगितलेली नाही, ती बुद्धांच्या देसनेविषयी इतरांनी सांगितलेली आहे. चूळनिद्देस नावाच्या प्राचीन टीकाग्रंथात सोळा प्रश्नांवर भाष्य आहे, या प्रस्तावनेच्या गाथांवर नाही. म्हणून अभ्यासक ही प्रस्तावना नंतरची मानतात. वक्त्याने दिलेला दाखला आणि वक्त्याविषयीची गोष्ट, या दोन्हींसाठी वहीत वेगवेगळी पाने ठेवावीत.

प्रस्तावनेतला एक धागा मात्र देसनेच्या अर्थाला धरून आहे. शापाविषयी विचारले तेव्हा बुद्धांनी सांगितले की, अविद्या हे डोके होय, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी यांच्या जोडीने येणारी विद्या ते डोके फोडते. ज्या शब्दाने बावरी भ्याला, त्याच शब्दाचा अर्थ पालटला आणि भीती गेली. शापावर उतारा दिला नाही, गंडा बांधला नाही. सारांशात एवढे दोन ओळींत यावे.

सोळा प्रश्न, तीन शिकवणी

आता खरी देसना. सोळा शिष्य एकामागून एक प्रश्न विचारतात. त्या काळी देसना पाठ करून ठेवीत, म्हणून तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. उतरवलेल्या वहीतही असेच होते, कारण बोलणारा माणूस महत्त्वाचे दोनतीनदा बोलतो. अशा वेळी पानांच्या क्रमाने सारांश करू नये. प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहावा आणि ज्यांचे उत्तर एका दिशेला जाते ते एकत्र बांधावेत. तसे केले की या सोळांतून तीन मोठ्या शिकवणी हाती येतात.

पहिली, दुःख कशातून येते. अजित विचारतो, जग कशाने झाकले आहे? उत्तर मिळते, अविद्येने. आणि लोभ व बेसावधपणा यांमुळे ते प्रकाशत नाही. मेत्तगू विचारतो, दुःखे येतात कोठून? उत्तर मिळते, आपण जे जे 'माझे' म्हणून धरून ठेवतो त्यातून. दोन प्रश्न वेगळे, पण उत्तर एकाच वाटेचे.

दुसरी, कशाने पार होता येत नाही. पुण्णक यज्ञाविषयी विचारतो. बुद्ध सांगतात, यज्ञ करणारे काही मिळण्याच्या आशेने करतात, ते जन्म-जरेच्या पार जात नाहीत. नंद विचारतो, पाहिलेल्या-ऐकलेल्या मतांनी, शीलव्रतांनी शुद्धी होते म्हणणारे श्रमण-ब्राह्मण पार झाले का? उत्तर 'नाही' असेच आहे.

तिसरी, पार कसे व्हावे. धोतक म्हणतो, मला शंकांतून सोडवा. बुद्ध सांगतात, मी कोणाला सोडवू शकत नाही. श्रेष्ठ धम्म जाणलास तर तू स्वतःच पूर तरून जाशील.

दाखला कोणाच्या तोंडचा?

या देसनेतला सर्वांत मोठा दाखला पुराचा आहे. गोदावरीचा पूर पाहिलेल्या नांदेडकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. पण वही नीट पाहिली तर अनेक ठिकाणी हा दाखला आधी प्रश्न विचारणारे काढतात. अजित म्हणतो, प्रवाह चहूकडे वाहत आहेत, ते थोपवायचे कशाने? बुद्ध त्याचाच शब्द घेऊन सांगतात, स्मृती हा त्यांचा बांध, आणि प्रज्ञेने ते बंद होतात. कप्प म्हणतो, भयंकर पुराच्या मध्यात सापडलेल्या माणसाला बेट कोणते? उत्तर मिळते, काही न बाळगणे आणि काही न धरणे, हेच बेट.

म्हणून दाखला लिहिताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात : तो कोणी काढला, कोणत्या प्रश्नावर काढला, आणि त्यातून कोणती एक गोष्ट दाखवायची होती. तिसरी गोष्ट सुटली की घोटाळा होतो. उपसीवाला बुद्धांनी वाऱ्याने विझलेल्या ज्योतीचा दाखला दिला. ज्योत विझल्यावर ती अमुक एक म्हणून गणता येत नाही, एवढेच त्यात दाखवायचे आहे. पण "ज्योत म्हणजे आत्मा, तो निघून गेला" असे कोणी घरी सांगितले, तर बुद्धांनी जे नाकारले तेच त्यांच्या नावावर जमा होते.

चूक कशी ओळखावी

आम्हांला दोन चुका सर्वांत जास्त आढळतात.

पहिली चूक कर्ता बदलण्याची. "बुद्धांनी सोळाजणांना मुक्त केले" हे वाक्य कानाला गोड लागते, पण धोतकाला दिलेले उत्तर त्याने उलटे होते. सारांश झाला की, करायचे कोणी, असा प्रश्न त्याला विचारावा. उत्तर मूळ वहीतल्यासारखे आले नाही तर सारांश चुकला.

दुसरी चूक मर्यादा गाळण्याची. नंदाला 'नाही' म्हटल्यावर बुद्ध पुढे सांगतात की, सर्वच श्रमण-ब्राह्मण जन्म-जरेत गुरफटलेले आहेत असे मी म्हणत नाही. ज्यांनी मते आणि व्रते सोडली, तृष्णा ओळखली, ते पार झाले. आपल्या सभेत पहिले अर्धे टाळ्या घेते आणि दुसरे अर्धे गळून पडते. 'काही', 'जर', 'सर्वच नव्हे' हे शब्द लहान असतात, पण त्यांना कात्री लावू नये.

बुद्धांचे म्हणणे चुकीचे सांगितले जाण्याचा प्रकार त्यांच्या हयातीतही घडत होता. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अशी पाच उदाहरणे नोंदवली आहेत आणि कसोटीही दिली आहे. बुद्ध बुद्धिवादी होते, तेव्हा जे बुद्धीला व तर्काला धरून आहे ते त्यांचे मानावे. ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही अशा चर्चेत ते पडत नसत. आणि कोणत्या बाबतीत आपले मत निश्चित आहे व कोणत्या बाबतीत नाही, हे ते वेगळे ठेवीत. बावरीच्या कथेतली देवता या कसोटीला उतरत नाही. प्रवाहाला स्मृतीचा बांध घालणे उतरते. देवता आली तर ती कथेच्या पानावर राहू द्यावी, शिकवणीच्या पानावर आणू नये.

आजीला सांगायचे ते एवढेच

चाळीस पानांचे शेवटी काय उरले? "आजी, बुद्धांनी सांगितलं की, आपण न जाणता, न जागता जगतो आणि 'माझं माझं' धरून बसतो, म्हणून दुःख येतं. यज्ञानं, व्रतानं, ऐकीव मतानं ते जात नाही. दुसरा कोणी ते घालवून देत नाही. पुराला बांध घालावा तसं सतत सावध राहायचं आणि समजून घ्यायचं. हे ज्याला जमलं, तो कोणत्याही जातीचा असो, पार झाला."

यातले 'कोणत्याही जातीचा' हे शब्द मूळ उत्तरांत नाहीत. अर्थ म्हणून ते योग्यच आहेत, पण ते आपले आहेत. अशी भर घातली तर "हे मी म्हणतो" असे सांगून घालावी.

सोळांपैकी पिंगिय हा अगदी म्हातारा होता. आपण थकलो आहोत, डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना नीट ऐकू येत नाही, असे त्याने बुद्धांना सांगितले होते. तोच परत येऊन बावरीला सारे कथन करतो. बावरी विचारतो, अशा गुरूपासून तू क्षणभर तरी दूर कसा राहतोस? पिंगिय सांगतो, शरीर थकले म्हणून जाणे होत नाही, पण मनाने मी रात्रंदिवस त्यांना पाहतो. तो असेही सांगतो की, पूर्वी लोक 'असे होते, असे होईल' म्हणून जे सांगत, ते सारे ऐकीव होते आणि त्याने तर्कवितर्कच वाढत.

बावरी मगधात जाऊन खात्री करून घेऊ शकत नव्हता. पिंगियाने जे सांगितले तोच त्याच्यासाठी धम्म होता. दाभडहून परतणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या आजीचेही तसेच आहे.

भवतु सब्ब मंगलं!