वीस मिनिटांत सतरा महिने

निविदा मूल्यांकन समितीपुढे कंत्राटदार उभा राहतो, तेव्हा बोलायला साधारण वीस मिनिटे मिळतात आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे प्रश्न होतात. बहुतेकजण त्यातली पहिली दहा मिनिटे कंपनीचा इतिहास, मिळालेले पुरस्कार आणि उद्घाटनाचे फोटो दाखवण्यात घालवतात. हे सगळे समितीला आधीच कागदावर मिळालेले असते. कागदावर जे नीट दिसत नाही ते बघायला समिती बसलेली असते. हा माणूस काम करताना दिवस कसे मोजतो, हे तिला समजून घ्यायचे असते.

अशा सादरीकरणाला गुण मिळू लागले, त्याला फार काळ झालेला नाही. सरकारी बांधकामात वर्षानुवर्षे एकच रीत होती. पात्र निविदाकारांमध्ये ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 रोजी काढलेल्या सूचनांनी निवडक बांधकामांतही गुणवत्ता आणि दर एकत्र मोजायला परवानगी दिली. गुणवत्तेचा वाटा मात्र 30 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. राज्य आणि स्थानिक संस्था आपापल्या नियमांनी चालतात, म्हणून प्रत्येक निविदेतला गुणांचा तक्ता आधी वाचावा लागतो.

तक्ता 70 आणि 30 चा आहे असे धरू. एका कंत्राटदाराला तांत्रिक गुण 85 मिळाले आणि त्याचा दर 10 कोटी आहे. दुसऱ्याचे गुण 70 आणि दर 9 कोटी 60 लाख. दुसऱ्याचा दर सर्वांत कमी, म्हणून दराचे पूर्ण 100 गुण त्याला मिळतात आणि पहिल्याला 96. वजन लावून बेरीज केली की पहिला 92.7 वर जातो, दुसरा 91 वर राहतो. काम पहिल्याला मिळते. पण त्याचा दर सुमारे 10 कोटी 26 लाखांच्या पुढे असता, तर तेच 15 गुण कमी पडले असते. चांगले सादरीकरण दरातला थोडा फरक भरून काढते, मोठा नाही.

आता एक नमुन्याचे काम घेऊ. मध्यम आकाराच्या एका गावाला चार दिवसांआड पाणी येते. नगरपालिकेला 10 लाख लिटरची उंच टाकी बांधायची आहे आणि 14 किलोमीटर वितरण वाहिनी टाकायची आहे. मुदत पावसाळ्यासह 18 महिने. कार्यादेश 1 डिसेंबरला मिळेल असे गृहीत धरलेले आहे. एक कंत्राटदार सांगतो, ‘बारा महिन्यांत पूर्ण करतो.’ दुसरा सांगतो, ‘सतरा महिने लागतील, एक महिना हाताशी राहील.’

बारा महिने ऐकायला गोड वाटतात. पण समितीतला जाणता अभियंता कागदावर साधा गुणाकार मांडतो. गावातल्या अरुंद गल्ल्यांत एक टोळी दिवसाला 60 मीटर वाहिनी टाकते असे धरले, तर दोन टोळ्यांचे 120 मीटर होतात. 14 किलोमीटरला 117 कामाचे दिवस, म्हणजे जवळपास पाच महिने. बारा महिन्यांच्या तक्त्यात हे काम मार्चपासून ऑगस्टपर्यंत सलग दाखवले आहे. काळ्या मातीत जुलैमध्ये खोदलेला चर दुसऱ्या दिवशी ढासळतो, त्यात पाणी साचते आणि आधी टाकलेला पाइपसुद्धा हलतो. तक्ता करणाऱ्याने तो जमिनीकडे पाहून केलेला नाही, हे इथेच कळते. त्याच तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ‘चाचणी व हस्तांतरण’ यासाठी चार दिवस दिलेले असतात.

पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीचे भारतीय मानक आयएस 3370 आहे. त्याप्रमाणे उंच टाकी भरल्यावर काँक्रीटला पाणी शोषायला सात दिवस द्यायचे, मग आणखी सात दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का ते पाहायचे. हे चौदा दिवस चारात बसत नाहीत. चार लिहिणारा एकतर मानक जाणत नाही, किंवा चाचणी मनापासून करणार नाही.

सतरा महिन्यांचा हिशेब सांगणारा त्याचे दिवस उलगडून दाखवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मातीची तपासणी, संकल्पन आणि त्याची छाननी. मार्च-एप्रिलमध्ये पाया. खांबांचे पाच टप्पे, प्रत्येकी अठरा दिवसांचे, मे ते ऑगस्ट, आणि त्यात पावसाने वाया जाणारे दिवस धरलेले. सप्टेंबर ते नोव्हेंबर टाकीचे भांडे आणि घुमट. लांब गाळ्याच्या तुळयांखालचे टेकू 21 दिवस काढता येत नाहीत, म्हणून तिथे घाई दाखवलेली नाही. वाहिनीचे सुमारे साडेआठ किलोमीटर मार्च ते मेमध्ये, पावसाळ्यात काम बंद, उरलेले ऑक्टोबरपासून. मग जोडणी, भागाभागाने दाबचाचणी आणि खोदलेल्या रस्त्यांची दुरुस्ती.

टाकीची चाचणी त्याने मुद्दाम जानेवारीत ठेवली आहे. टाकी मेमध्ये तयार झाली असती, तर चाचणीला 10 लाख लिटर पाणी आणायचे कुठून? दहा हजार लिटरच्या टँकरच्या शंभर खेपा झाल्या असत्या, आणि त्याही अशा गावात, जिथे लोक हंडे घेऊन रांगेत उभे असतात. जानेवारीत उद्भवाला पाणी असते. रात्री दोन लाख लिटर याप्रमाणे पाच रात्रींत टाकी भरते आणि गावाचे पाणी तुटत नाही. या एका उत्तरातून समितीला कळते की माणसाने काम मनात एकदा करून पाहिले आहे.

विश्वासार्हतेचा दुसरा पुरावा जुन्या कामांचा असतो, आणि तो यशाच्या फोटोंपेक्षा काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यात जास्त असतो. त्यावर ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख दोन्ही असतात. मुदतवाढ मिळाली असेल, तर ती दंडासह की दंडाशिवाय, हेही विचारता येते. सात महिने उशीर झालेले काम स्वतःहून दाखवणारा आणि त्यातला किती उशीर जागा ताब्यात न मिळाल्याने झाला, किती आपल्या मजुरांच्या तुटवड्याने, हे वेगळे करून सांगणारा कंत्राटदार मला जास्त भरवशाचा वाटतो. समिती त्या कार्यालयाला फोन करणारच असते. तिथे निराळे ऐकायला मिळाले, तर पडद्यावरचे सगळेच संशयास्पद होते.

साइटवर राहणारा अभियंता सोबत आणावा, हे मी आग्रहाने सांगेन. मालक छान बोलतो आणि परत जातो, अठरा महिने खांबांपाशी हा अभियंता उभा राहणार असतो. त्याला विचारावे, सध्या तू कुठल्या कामावर आहेस आणि ते कधी संपते. एकाच अभियंत्याचे नाव आणि एकच काँक्रीट यंत्र तीन गावांच्या निविदांत असेल, तर तीन कामे एकाच वेळी उशिरा होणार हे दिसू लागते.

काही गोष्टी मात्र त्या खोलीत बोलायच्याच नसतात. दराचा लिफाफा अजून बंद असतो, म्हणून पैशांचा आकडा तोंडातून निघाला की निविदा बाद होण्याची वेळ येऊ शकते. निविदेत नसलेली नवी यंत्रे किंवा फुकटची जादा कामे देऊ करणेही चालत नाही, कारण सादरीकरणाने निविदा बदलत नाही. सर्वांत अवघड अडचण प्रामाणिक माणसाचीच होते. रस्ता खोदण्याची परवानगी उशिरा मिळाली तर त्याचे वेळापत्रक कोलमडते. पण ‘परवानगी महिन्यात द्या, नाहीतर मुदत वाढवा’ असे म्हटले की निविदा सशर्त ठरते. नगरपालिकेने करायची कामे तक्त्यात वेगळ्या रंगाने, तारखेसह दाखवलेली असली, तर हेच अटीविना सांगता येते. तो तक्ता निविदेसोबत आधीच गेलेला असावा लागतो. ऐनवेळी आणलेल्याला गुण मिळत नाहीत.

प्रश्नोत्तरांत दिलेले प्रत्येक उत्तर इतिवृत्तात नोंदवले जावे आणि कंत्राटदाराने ठरलेल्या दिवसांत लेखी कळवावे. जानेवारीत रात्री दोन लाख लिटर पाणी कुठल्या जलवाहिनीवरून घेणार, हे त्या पत्रात नीट लिहिलेले असावे. त्यावर दोन्ही बाजूंची सही झाल्यावरच दराचे लिफाफे उघडावेत.