गरोदरपणात अंगावरून पांढरं जातंय? मेडिकलमधलं ‘किट’ घेण्याआधी हे वाचा

लोंढा : गरोदर बाईच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं की घरात दोन गोष्टी होतात. एकतर ‘उष्णता झालीय’ म्हणून सब्जा नाहीतर धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, नाहीतर घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन ‘पांढऱ्या पाण्याचं किट’ घेऊन येतं. लोंढा, नागरगाळी, गुंजी या पट्ट्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचा म्हणजे खानापूर नाहीतर बेळगाव, म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे दुसरा मार्ग सोपा वाटतो. मात्र त्या किटमधली एक गोळी गरोदर बाईसाठी नसते, आणि अनेकदा तर औषधाची गरजच नसते.

नेहमीचं पांढरं कसं असतं?

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, योनीमार्गाकडे रक्तपुरवठा वाढतो आणि तिथला स्राव साहजिकच वाढतो. हा स्राव पातळ, पारदर्शक किंवा दुधासारखा पांढरा असतो. वास नसतो किंवा अगदी सौम्य असतो. खाज, आग, लाली यातलं काही नसतं. महिने भरत जातील तसं प्रमाण वाढतं. शेवटच्या दिवसांत चिकट, शेंबडासारखा गोळा पडतो, कधी त्याला गुलाबीसर छटा असते. दिवस भरलेले असतील तर ती बाळंतपण जवळ आल्याची खूण असते.

या पांढऱ्यामुळे ‘हाडं झिजतात’ किंवा ‘अंगातली ताकद जाते’ हा समज चुकीचा आहे. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू असतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्या जंतूंना तिथं वाढायला जागा मिळत नाही. पाळी सुरू असलेल्या वयाच्या निरोगी बाईत तिथला पीएच साधारण ४.५ च्या आत असतो. डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी किंवा साबण आत घालून धुतलं की हीच राखण मोडते आणि नसलेला त्रास सुरू होतो. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं आणि सुती कपडा वापरणं एवढं पुरेसं आहे.

बुरशी की जंतू? फरक कसा ओळखायचा

बुरशीचा त्रास, म्हणजे कॅन्डिडा, गरोदरपणात सहज होतो, कारण वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे बुरशीला पोषक साखर तिथं जास्त मिळते. यात स्राव घट्ट, फुटलेल्या दह्यासारखा किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा असतो. वास फारसा नसतो. पण खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, लघवी लागली की झोंबते. एखाद्या आजारासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर किंवा रक्तात साखर वाढली असेल तर हा त्रास जास्त दिसतो.

जंतूंच्या असंतुलनाचा त्रास, ज्याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, वेगळा असतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, दुसरे जंतू वाढतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर हा वास जास्त जाणवतो. खाज बहुधा नसते किंवा थोडीच असते. यात पीएच ४.५ च्या वर जातो, बुरशीत मात्र तो सहसा वाढत नाही. कागदाच्या साध्या पट्टीनं दवाखान्यात हा फरक मिनिटभरात कळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्रावाचा थेंब पाहिला की बऱ्याच वेळा निदान पक्कं होतं.

तिसरा प्रकार ट्रायकोमोनास. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव, खाज आणि वास. हा संबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. नाहीतर बायकोचा त्रास बरा होऊन पुन्हा येतो.

थोडक्यात, खाज आणि दही म्हणजे बहुधा बुरशी, वास आणि पातळ म्हणजे बहुधा जंतू. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे नुसत्या लक्षणावरून गोळी घेणं गरोदरपणात परवडत नाही.

किटमध्ये नेमकं काय असतं?

दुकानात मिळणाऱ्या अशा किटमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं असतात : बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, अॅझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल. सरकारी सुरक्षा क्लिनिकमधलं हिरव्या रंगाचं किट क्रमांक २ सुद्धा पांढऱ्या पाण्यासाठीच आहे. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. नेमकं निदान न करता सगळ्या शक्यतांवर एकदम मारा, अशी ही योजना आहे. गरोदर नसलेल्या बाईला ती चालून जाते. गरोदर बाईसाठी मात्र राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या आहेत : पोटातून फ्लुकोनाझोल द्यायचं नाही, बुरशीसाठी योनीत ठेवायचं क्लोट्रिमाझोल वापरायचं.

याला कारण आहे. फ्लुकोनाझोल रक्तात मिसळतं आणि बाळापर्यंत पोचतं. पहिल्या तीन महिन्यांत दीर्घकाळ, रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम घेतलेल्या काही बायकांच्या बाळांत जन्मजात व्यंग दिसल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २०११ साली दिला होता. २०१६ साली डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात एक-दोन गोळ्या घेतलेल्या बायकांतही गर्भपाताचं प्रमाण जास्त आढळलं. एका गोळीनं प्रत्येकीला अपाय होतो असं यातून सिद्ध होत नाही. पण योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलचं औषध रक्तात अगदी नगण्य जातं. सुरक्षित पर्याय हाताशी असताना गोळीचा धोका का पत्करायचा, एवढाच मुद्दा.

एक उदाहरण

समजा, लोंढ्यात सासर आणि चंदगडला माहेर असलेली बाई सहाव्या महिन्यात आहे. खोकल्यासाठी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, नंतर चार दिवसांनी दह्यासारखा स्राव आणि जबर खाज सुरू झाली. वास नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. हे चित्र बुरशीचं आहे.

तिनं किट घेतलं असतं तर फ्लुकोनाझोल नको असताना गेलं असतं. अॅझिथ्रोमायसिनचा बुरशीवर काहीच उपयोग नाही, उलट आणखी एक अँटिबायोटिक म्हणजे बुरशीला आणखी मोकळं रान. सेक्निडाझोल जंतूंवरचं औषध, आणि गरोदरपणातल्या वापराबद्दल त्याची माहिती मेट्रोनिडाझोलपेक्षा बरीच कमी आहे. म्हणजे तीनपैकी एकही औषध तिच्या कामाचं नव्हतं.

डॉक्टर अशा वेळी साधारणपणे क्लोट्रिमाझोल १०० मिलिग्रॅमची योनीत ठेवायची गोळी रोज रात्री एक, अशा सात रात्री देतात. गरोदरपणात एक किंवा तीन दिवसांचा कोर्स बऱ्याचदा अपुरा पडतो, म्हणून सात दिवस. झोपताना, हात स्वच्छ धुऊन, बोटानं हळूच आत ठेवायची. सोबत मिळणारी प्लास्टिकची नळी वापरायची की नाही हे डॉक्टरांना विचारावं, कारण गरोदरपणात ती जोरात आत ढकलणं टाळायचं असतं. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर पडतो, तो औषधाचाच असतो. खाज दोन-तीन दिवसांत कमी होते, पण खाज थांबली म्हणून कोर्स अर्धवट सोडू नये. बाहेरच्या खाजेसाठी क्लोट्रिमाझोल मलम वेगळं मिळतं.

सात रात्रींनंतरही फरक नाही, किंवा महिन्याभरात त्रास परत आला, तर पुन्हा तीच गोळी आणू नये. स्राव तपासायचा आणि साखर बघायची. सरकारी पद्धतीत गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० किंवा त्याहून जास्त निघाली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत होते.

वास येत असेल तर

जंतूंच्या त्रासावर क्लोट्रिमाझोल चालत नाही. तिथं मेट्रोनिडाझोल लागतं, बहुधा ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. गरोदरपणात या औषधाचा वापर बराच झालेला आहे आणि बाळाला व्यंग येत असल्याचं दिसलेलं नाही. तरी आपल्याकडे पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर पोटातून देण्याऐवजी योनीत ठेवायचं औषध पसंत करतात. पर्याय म्हणून क्लिंडामायसिन देतात. टिनिडाझोल मात्र गरोदरपणात टाळतात.

वेळेआधी बाळंतपण होण्याशी या त्रासाचा संबंध आढळला आहे, म्हणून त्रास होत असेल तर उपचार घ्यायलाच हवेत. मात्र काहीच त्रास नसलेल्या, आधी कमी दिवसांचं बाळंतपण न झालेल्या बाईला नुसत्या रिपोर्टवरून औषध दिल्यानं कमी दिवसांची बाळंतपणं टळतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. आधी असं बाळंतपण झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

या वेळी थांबू नका

स्वच्छ पाण्यासारखं सतत गळतंय आणि दिवस भरलेले नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती लघवी आहे की गर्भजल, हे घरी ठरवता येत नाही. कोरडा पॅड लावावा, रंग आणि वास पाहावा, आत काहीही ठेवू नये आणि थेट प्रसूतीची सोय असलेल्या दवाखान्यात जावं. रक्त जाणं, ताप, ओटीपोटात दुखणं, ठरावीक वेळानं पोट कडक होणं, किंवा हिरवट आणि घाण वासाचं पाणी, यातलं काहीही असलं तरी तेच. १०८ ची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे.

घाई नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ती प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात. आशाताईंना सांगितलं तरी त्या सोबत येतात. माहेरी जाताना कर्नाटकातलं ‘तायी कार्ड’ किंवा महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड बरोबर असू द्या, म्हणजे आधी कुठलं औषध झालं ते पलीकडच्या डॉक्टरांना कळतं.

दवाखान्यात कन्नड बोलावं लागलं तर हे शब्द उपयोगी पडतील : ‘बिळी सेरगु’ म्हणजे पांढरं जाणं, ‘तुरिके’ म्हणजे खाज, ‘वासने’ म्हणजे वास, आणि ‘गर्भिणी’ म्हणजे गरोदर. यातला शेवटचा शब्द मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात आधी सांगायचा, महिना कितवा तेही. किट घ्यायला नवरा किंवा सासू गेली तर त्यांनीही.